भाजी केव्हा काढली, ते सांगा

‘शेतातून थेट घरी, शंभर टक्के ताजी!’ घरपोच भाजीच्या बहुतेक जाहिराती असंच म्हणतात. मंडईतला भाजीवालाही हेच म्हणतो, मग ऐकणाऱ्याने निवडायचं कशावरून? दर आठवड्याच्या भाजीचे आगाऊ पैसे मागणाऱ्याने आपल्या जाहिरातीत घड्याळ आणलंच पाहिजे.

समजा, जुन्नरकडचा एक शेतकरी गट दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्यात भाजी देतो. सोमवारी ऊन उतरल्यावर मेथी-पालक काढायचा, पहाटे टेम्पो निघतो, साडेसहा ते नऊपर्यंत भाजी दारात. पालेभाजी उपटली की मुळांकडून येणारं पाणी बंद होतं, पण पानांतून ते उडतच राहतं. म्हणून मेथीचा ताजेपणा तासांत मोजावा लागतो. कांद्याला मात्र हे लावू नये. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत काही महिने टिकतो. ऑगस्टमध्ये ‘टोपलीतलं सगळं कालच काढलेलं’ म्हणणं चक्क खोटं ठरतं.

खरी गफलत होते ती ‘कधीही थांबवा’ या शब्दांत. किती जुड्या काढायच्या, हे मजुरांना सोमवारी सकाळी सांगावं लागतं. म्हणजे यादी रविवारी रात्रीच पक्की व्हायला हवी. सोमवारी संध्याकाळी कुणी ‘उद्या नको’ म्हटलं, तर त्याची मेथी आधीच उपटलेली असते. ती मुदत जाहिरातीत लपवली, तर पहिल्याच सुट्टीत भांडण होतं. ती उघड सांगणारी अर्ध्या मिनिटाची संहिता अशी होईल:

‘काल संध्याकाळी जुन्नरच्या शेतात काढलेली मेथी आज सकाळी नऊच्या आत तुमच्या दारात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. गावाला जाताय? मंगळवारची भाजी नको असेल तर रविवारी रात्री नऊपर्यंत, शुक्रवारची नको असेल तर बुधवारी रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘थांबवा’ एवढंच लिहा. त्या दिवसाचे पैसे पुढच्या टोपलीत वळते होतील.’

शेवटचं वाक्य कधीही कापू नये; माणूस बिचकतो तो पैसे अडकण्याच्या भीतीने. ही भीती उगाच नाही. सबस्क्रिप्शन बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवण्याचे प्रकार इतके वाढले, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला फसवणुकीच्या प्रकारांत धरलं. ‘थांबवा’ लिहिल्यावर कारण विचारणारा फोन येऊ लागला, तर थांबवणं सोपं आहे असं म्हणता येणार नाही.

घेणाऱ्याने पहिली टोपली नीट पाहावी. वांग्याचा देठ हिरवा आणि टवटवीत हवा. तो तपकिरी पडून सुकला असेल, तर वांगं काढून बरेच दिवस झालेत. मेथीची जुडी पाणी मारून ओली केलेली असेल, तर आतली पानं उलगडून पाहावीत, कारण पिवळेपणा आणि चिकटपणा तिथे दिसतो.

पावसाळ्यासाठी संहितेत एक वाक्य वाढवावं लागतं. सलग पावसात कोथिंबीर सडते आणि काही वेळा टोपलीत येतच नाही. तिच्या जागी काय येणार, की तेवढे पैसे वळते होणार, ते जूनच्या आधीच सांगून ठेवावं.