महिन्याचं चक्रवाढ व्याज : एक लाखाचे पाच वर्षांनी किती?

द. सा. द. शे. 6 हा दर वर्षाचा असतो. चक्रवाढ महिन्याने होत असेल तर त्याचे 12 भाग पडतात आणि दरमहा 0.5 टक्के व्याज मुद्दलात जमा होतं. एक लाख रुपये ठेवले, तर पहिल्या महिन्याचं व्याज 500 रुपये. दुसऱ्या महिन्यात व्याज 1,00,500 रुपयांवर लागतं, म्हणून ते 502.50 रुपये होतं. हे अडीच रुपये म्हणजे व्याजावरचं व्याज. असं करत वर्षअखेर 1,06,167.78 रुपये होतात. वर्षातून एकदाच व्याज मुद्दलात मिळवलं असतं, तर 1,06,000 झाले असते. म्हणजे कागदावर 6 टक्के असलेला दर प्रत्यक्षात सुमारे 6.17 टक्के पडतो.

पाच वर्षांसाठी साठ महिन्यांची वही मांडायची गरज नाही. दरमहा रक्कम 1.005 पट होते, म्हणून मुद्दलाला 1.005 च्या साठाव्या घाताने गुणलं की झालं:

A = P × (1 + r/12)^(12 × t)

इथे P मुद्दल, t वर्षं आणि r वार्षिक दर. मात्र दर दशांशात, म्हणजे 6 ऐवजी 0.06 असा लिहायचा. उत्तर येतं 1,34,885 रुपये. वार्षिक चक्रवाढीने 1,33,823 रुपये होतात. फरक 1,062 रुपयांचा. ऐकून वाटतं तेवढा काही तो मोठा नाही.

चूक बहुधा दर आणि मुदत यांची जोडी जुळवताना होते. दराला 12 ने भागलं, पण घात 5 च ठेवला, तर उत्तर 1,02,525 येतं. ते पाच वर्षांचं नसून पाच महिन्यांचं असतं. उलट 6 टक्के तसाच ठेवून घात 60 घेतला, तर लाखाचे जवळजवळ 33 लाख होतात! सरळव्याजानेसुद्धा 1,30,000 होतात, तेव्हा खरं उत्तर त्याहून थोडं वर असायला हवं. एवढा पडताळा तोंडी करता येतो.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. दर 7 टक्के असेल तर महिन्याचा दर 0.58333… येतो. तो 0.58 असा तोडला, तर लाखामागे पाच वर्षांत सुमारे 280 रुपये कमी दिसतात. म्हणून भागाकार सूत्रातच ठेवावा. स्प्रेडशीटमध्ये आपल्या उदाहरणासाठी असं लिहितात:

```
=100000*(1+6%/12)^(12*5)
```

हे सूत्र वापरण्याआधी व्याज खरोखर मुद्दलात जमा होतं का, ते पाहावं लागतं. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत व्याज दरमहा मिळतं, पण ते मुद्दलात मिसळत नाही. त्यामुळे हे सूत्र तिथे लागू पडत नाही. भारतातल्या बँकांच्या मुदत ठेवींवर चक्रवाढ बहुतेक तिमाही असते. तिथे 12 च्या जागी 4 घालायचे. 6 टक्क्यांनी पाच वर्षांचे 1,34,686 रुपये होतात.