आयटिल फाउंडेशन: सर्व्हिस डेस्कवरून पुढे जाताना प्रमाणपत्राचा उपयोग किती?

सर्व्हिस डेस्कवरून ऑपरेशन्सच्या कामात जाऊ पाहणाऱ्यांना बहुधा पहिला सल्ला मिळतो तो आयटिल फाउंडेशन करण्याचा. माहिती-तंत्रज्ञानाच्या सेवा कशा चालवाव्यात, याची ही मार्गदर्शक पद्धत ब्रिटिश सरकारच्या संगणक व दूरसंचार विभागाने 1980च्या दशकाच्या अखेरीस पुस्तकरूपाने मांडायला सुरुवात केली. 2013 साली तिची मालकी ॲक्सेलॉस या कंपनीकडे गेली आणि 2021 साली ही कंपनी पीपलसर्टने विकत घेतली. चौथी आवृत्ती 2019 साली आली. पेडणे तालुक्यातून पणजी, पुणे किंवा बंगळूरला सर्व्हिस डेस्कची नोकरी धरणाऱ्या तरुणांपर्यंत या प्रमाणपत्राची ख्याती पोचते, आणि तिच्यासोबत काही गैरसमजही पोचतात.

गैरसमज: प्रमाणपत्र हाती आले की ऑपरेशन्सचे काम येते

फाउंडेशनच्या परीक्षेत पर्यायी उत्तरांचे 40 प्रश्न असतात, वेळ 60 मिनिटे, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 26 उत्तरे बरोबर यावी लागतात. पुस्तक उघडता येत नाही. प्रश्न संज्ञा ओळखण्यापुरते आणि संकल्पना समजल्या आहेत का, हे पाहण्यापुरते असतात. परीक्षेत कुणालाही सर्व्हर हाताळावा लागत नाही, लॉग वाचावा लागत नाही किंवा चिडलेल्या व्यवस्थापकाशी बोलावे लागत नाही. त्यामुळे ही परीक्षा उमेदवाराला या क्षेत्राची भाषा कळते एवढेच सांगते. ही भाषा प्रत्यक्ष कामात कुठे लागते आणि कुठे अपुरी पडते, हे एका कल्पित उदाहरणातून नीट दिसते.

समजा, मांद्रे, आश्वे आणि हरमल येथील तीन छोट्या हॉटेलांचे संगणक एकच सेवा कंपनी सांभाळते. पर्यटनाचा हंगाम सुरू झाला आहे. मांद्र्याच्या हॉटेलमधून सायंकाळी फोन येतो की फ्रंट ऑफिसचे बुकिंग सॉफ्टवेअर अडकले आहे आणि पाहुणे रांगेत उभे आहेत. सर्व्हिस डेस्कवरचा कर्मचारी राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगतो. सॉफ्टवेअर चालू होते आणि तिकीट बंद होते. तीन आठवड्यांत अशी नऊ तिकिटे येतात. प्रत्येक तिकीट ठरलेल्या वेळेत बंद झाल्यामुळे महिन्याच्या अहवालात सगळे हिरवे दिसते.

आयटिलच्या भाषेत ही नऊ तिकिटे म्हणजे नऊ इन्सिडंट, म्हणजे सेवेत आलेला अनपेक्षित खंड किंवा तिच्या दर्जात झालेली घट. इन्सिडंटमध्ये सेवा लवकर पूर्ववत करणे हेच काम असते, आणि ते इथे झालेलेही आहे. मात्र त्या नऊंच्या मागे असलेले कारण ही वेगळी नोंद आहे. तिला प्रॉब्लेम म्हणतात, आणि ती कुणी उघडलेलीच नाही. फाउंडेशन झालेल्याला हा फरक माहीत असतो. तो पाठ्यक्रमातच आहे. पण नऊ तिकिटे एकत्र करून पाहण्याची सवय परीक्षेतून येत नाही.

ती तिकिटे एका तक्त्यात मांडली की काही गोष्टी दिसतात. सगळी मांद्र्याची आहेत, आश्वे आणि हरमलचे एकही नाही. सगळी सायंकाळी 5 ते 7च्या दरम्यानची आहेत. आता पुढच्या वेळी फोन आला की राउटरला हात लावण्याआधी फ्रंट ऑफिसच्या संगणकावरून दोन आज्ञा चालवायच्या:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिलीत हॉटेलच्याच राउटरचा पत्ता असतो, दुसरीत बाहेरच्या जगातला. राउटरकडून उत्तर नेहमीसारखे एक-दोन मिलिसेकंदांत येते आणि बाहेरचे उत्तर 30 ऐवजी 800 मिलिसेकंद घेते असे दिसले, तर हॉटेलच्या आतली जोडणी ठीक आहे. गर्दी बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. मग शोध एवढाच उरतो की 5 वाजता बाहेर काय जाते. या उदाहरणात उत्तर निघते बॅकअप. हंगाम नसताना कार्यालय 5 वाजता रिकामे होत असे, म्हणून रोज 18 गिगाबाइट माहिती बाहेरच्या साठवणीत पाठवण्याची वेळ कुणीतरी 5ची ठेवली होती. अपलोडची क्षमता सेकंदाला 20 मेगाबिट असेल, तर पूर्ण वाट अडवूनही त्याला दोन तास लागतात.

राउटर बंद-चालू केल्यावर सॉफ्टवेअर का चालत असे, याचाही उलगडा इथेच होतो. राउटर बंद झाला की बॅकअपची जोडणी तुटत असे, आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर काही वेळ थांबूनच पुन्हा प्रयत्न करत असे. म्हणजे उपाय लागू पडत होता, पण भलत्याच कारणाने, आणि त्यामुळेच तो नऊ वेळा खरा वाटला. शिवाय त्या रात्रींचे बॅकअप अर्धवट राहिले असण्याची शक्यता आहे. ही बाब संथ सॉफ्टवेअरपेक्षा गंभीर आहे, आणि ती तपासणे हा प्रॉब्लेमच्या नोंदीचाच भाग ठरतो.

कारण कळले तरी डेस्कवरच्या कर्मचाऱ्याने बॅकअपची वेळ स्वतः बदलायची नसते. बहुधा त्याला तेवढा प्रवेशही नसतो. बदल होईपर्यंत कारण माहीत असलेली त्रुटी म्हणून नोंद होते आणि तात्पुरता उपाय लिहिला जातो: राउटरला हात न लावता बॅकअप थांबवायला सांगणे. त्यानंतर बदलाची विनंती. तिच्यात काय बदलायचे, का, चुकले तर पूर्वस्थिती कशी आणायची आणि मंजुरी कुणाची, हे लिहावे लागते. समजा, नवी वेळ पहाटे 2ची सुचवली. विनंती हॉटेलकडे गेली की फ्रंट ऑफिस सांगते, 2 वाजता नाइट ऑडिट चालते, म्हणजे दिवसभराचे हिशेब मिटवून सॉफ्टवेअरची तारीख पुढे नेली जाते. मग वेळ 4ची ठरते. 6पर्यंत काम संपते. बदल झाल्यावर पुढचे दोन आठवडे सायंकाळची तिकिटे येतात का, आणि सकाळी बॅकअप पूर्ण झाल्याचा संदेश असतो का, हे दोन्ही पाहून मगच प्रॉब्लेम बंद होतो.

या साऱ्यातला फाउंडेशनचा वाटा मोजता येतो. इन्सिडंट आणि प्रॉब्लेम वेगळे ठेवणे, तात्पुरता उपाय लिहून ठेवणे, बदल मंजुरीशिवाय न करणे, हे तिथून येते. `ping`चे आकडे वाचणे, 18 गिगाबाइटचे गणित करणे आणि नाइट ऑडिटची वेळ विचारणे हे तिथून येत नाही. मुलाखतीत बहुतेक प्रश्न या दुसऱ्या भागावर येतात.

गैरसमज: ऑपरेशन्सच्या सर्व जागांना ते सारखेच उपयोगी

ऑपरेशन्स या एका नावाखाली दोन जातीची कामे येतात. एका बाजूला इन्सिडंट, चेंज किंवा प्रॉब्लेम समन्वयकाची कामे: मोठा खंड पडला की संबंधितांना एका कॉलवर आणणे, बदलांचे वेळापत्रक सांभाळणे, नोंदी पुऱ्या आहेत का ते पाहणे. इथे रोजची भाषाच आयटिलची असते आणि फाउंडेशनचा उल्लेख जाहिरातीत बऱ्याचदा असतो. अनेक ग्राहकांना सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत अर्ज चाळणारी व्यक्ती तांत्रिक नसते. तिच्या चाळणीतून पार पडायला हे एक नाव पुरते. प्रमाणपत्राचा सर्वांत ठोस फायदा हाच, आणि तो कमी लेखू नये.

दुसऱ्या बाजूला नेटवर्कवर लक्ष ठेवणे, सर्व्हर, बॅकअप, क्लाउड ही कामे. तिथे आयटिल असले तर हरकत नसते, पण निवड लिनक्स, नेटवर्किंग किंवा एखाद्या स्क्रिप्टच्या भाषेवर होते. या वाटेने जायचे असेल आणि पैसे एकाच परीक्षेपुरते असतील, तर ते नेटवर्किंगच्या परीक्षेवर खर्च करणे शहाणपणाचे.

अर्जात काय लिहिले आहे, याचाही मोठा फरक पडतो. 'आयटिल प्रमाणित, महिन्याला अमुक तिकिटे बंद केली' या ओळीतून फक्त वेग कळतो. 'सायंकाळच्या नऊ तिकिटांमागे बॅकअपची वेळ हे कारण शोधले, बदलाची विनंती लिहिली, बदलानंतर दोन आठवड्यांत तसे तिकीट आले नाही' ही ओळ वाचून मुलाखत घेणाऱ्याला विचारायला प्रश्न मिळतात, आणि उत्तरे उमेदवाराकडे असतात.

गैरसमज: कंपनी आयएसओ प्रमाणित आहे, म्हणजे कर्मचाऱ्याचे आयटिल झाले

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयएसओ/आयईसी 20000 हे मानक संस्थेसाठी आहे; लेखापरीक्षक येऊन संस्थेची सेवा-व्यवस्था तपासतात. आयटिलची परीक्षा व्यक्ती देते आणि प्रमाणपत्र तिच्याच नावावर राहते. नोकरी बदलली की कंपनीचे मानक कंपनीकडेच राहते. उलट, कार्यालयातल्या काही मोजक्या लोकांनी फाउंडेशन केले म्हणून संस्था प्रमाणित होत नाही.

गैरसमज: एकदा केले की जन्मभर पुरते

पूर्वी तसे होते. 2023 सालापासून पीपलसर्टने या प्रमाणपत्रांना तीन वर्षांची मुदत घातली. मुदत संपण्याआधी तीच परीक्षा पुन्हा देता येते, याच मालिकेतली दुसरी परीक्षा देता येते किंवा सशुल्क सदस्यत्व घेऊन शिक्षणाचे गुण नोंदवता येतात. म्हणजे पहिल्या फीनंतरही खर्च संपत नाही. फी, पुस्तक आणि वर्ग मिळून होणारी रक्कम डेस्कवरच्या नवख्याच्या पगाराच्या मानाने जड असते. म्हणून आधी कंपनी फी भरते का, हे विचारावे. फाउंडेशनला पूर्वअट नाही आणि स्वतः अभ्यास करूनही ती देता येते. पुढच्या पायऱ्यांसाठी मात्र फाउंडेशन लागते.

या मुदतीमुळे परीक्षा कधी द्यावी हेही ठरते. नोकरीच्या पहिल्याच महिन्यांत दिली, तर तिकिटांचा अनुभव नसल्याने संज्ञा नुसत्या पाठ होतात, आणि ऑपरेशन्सच्या जागेसाठी अर्ज करेपर्यंत मुदतीचा मोठा भाग उलटून गेलेला असतो. वर्षभर तिकिटे हाताळून, प्रॉब्लेमच्या एक-दोन नोंदी स्वतः लिहून झाल्यावर आणि अर्ज करायच्या तीन-चार महिने आधी परीक्षा दिली, तर अभ्यासही कमी लागतो आणि मुलाखतीच्या वेळी प्रमाणपत्रही ताजे असते.