उष्माघातात पाणी कसे गारवा देते?

मे महिन्याची दुपार. नागपुरात पारा 42 अंशांवर, हवेत आर्द्रता जेमतेम 20 टक्के. मुंबईत 34 अंश, पण आर्द्रता 75 टक्के. दोन्हीकडे एकेक माणूस उष्माघाताने कोसळला, ताप 41 अंश सेल्सिअस. अंगावर पाणी शिंपडून पंखा लावला, तर कोण लवकर निवेल? बहुतेक जण मुंबईकर म्हणतील. उत्तर उलटे आहे.

ओल्या त्वचेला हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. उष्णता आणि पाण्याची वाफ, दोघींची वाट याच थरातून जाते. वारा लागला की थर पातळ होतो आणि दोघींचाही वेग जवळपास सारख्याच प्रमाणात वाढतो. म्हणून एकीच्या हिशोबावरून दुसरीचा हिशोब काढता येतो. उष्णता तापमानातील फरकावर वाहते, वाफ बाष्पदाबातील फरकावर. साधारण असे धरता येते, की बाष्पदाबातला एक मिलिमीटर पाऱ्याचा फरक तापमानातल्या दोन अंशांच्या फरकाइतकी उष्णता नेतो.

आता गणित मांडू. 36 अंशांच्या ओल्या त्वचेजवळ बाष्पदाब सुमारे 45 मिलिमीटर असतो. नागपूरच्या हवेत तो 12, म्हणजे फरक 33 आणि गारवा 66 अंशांइतका. गरम हवा 6 अंशांइतकी उष्णता परत देते, तरी 60 उरतात. मुंबईच्या हवेत बाष्पदाब 30, फरक 15, गारवा 30 अंशांइतका. हवा त्वचेपेक्षा थंड असल्याने आणखी 2 मिळतात. एकूण 32, नागपूरच्या जेमतेम निम्मे.

नागपुरात त्वचा कोरडी पडली, तर मात्र 66 अंशांचा लाभ जातो आणि पंखा रुग्णाला गरम हवेने तापवतच राहतो. म्हणून अंग सतत ओले ठेवावे लागते.

पाणी किती लागते? 60 किलोच्या माणसाचा ताप दोन अंश उतरवायला सुमारे 100 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम पाणी वाफ होताना 0.58 किलोकॅलरी नेते. म्हणजे पाऊण पेला, सुमारे 175 मिलिलिटर पाणी पुरे. शरीर स्वतः उष्णता निर्माण करतच असते, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त लागते. मात्र हे पाणी अंगावरच वाळले पाहिजे. बादलीभर साधे पाणी ओतले आणि ते गादीवर ओघळले, तर त्याचा फारसा उपयोग नाही. जाड ओल्या चादरीत गुंडाळले, तर वारा त्वचेपर्यंत पोचतच नाही.

म्हणून कपडे सैल करावेत, अंगावर कोमट पाण्याचे बारीक थेंब फवारत राहावे आणि पंखा थेट अंगावर घ्यावा. दमट किनारपट्टीवर एवढ्यावर विसंबू नये. तिथे बर्फाच्या पाण्यात बसवणे किंवा बर्फाच्या पाण्यात भिजवलेली फडकी वारंवार बदलत राहणे अधिक भरवशाचे. माणूस बरळत असेल किंवा बेशुद्ध असेल, तर तोंडाने पाणी पाजू नये. 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंग ओले ठेवत राहावे. ताप 39 अंशांखाली आला की थांबावे.