दंडाच्या रकान्यात न सापडणारा दंड

लग्नाचं जेवण ठरवायला गेलं की केटरर आधी विचारतो, "पानं किती?" आपण तीनशे सांगतो. तो म्हणतो, ठीक आहे, पण कमीत कमी सव्वादोनशे पानांचे पैसे द्यावे लागतील, मग दीडशेच माणसं जेवली तरी. आणि तीनशेच्या वर पानं गेली, तर वरच्या पानांचा भाव वेगळा. यात गैर काही नाही. त्याने भांडी, वाढपी, किराणा सगळं तीनशेच्या हिशेबाने उभं केलेलं असतं.

कारखान्याचं वीजबिल याच हिशेबाने चालतं. जेवणात किती अन्न संपलं ते युनिट, आणि एका पंगतीला जास्तीत जास्त किती पानं वाढावी लागली ती मागणी, म्हणजे डिमांड. घरगुती बिलात या मागणीशी आपला संबंध येत नाही, तिथे साधा स्थिर आकार असतो. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात मात्र तिला दर केव्हीएमागे पैसे पडतात. मीटर सलग तीस मिनिटांचा वापर मोजत राहतो आणि महिन्यातल्या सर्वांत जड अर्ध्या तासावरून त्या महिन्याची मागणी ठरते. उरलेला महिना तुम्ही कितीही काटकसर केलीत, तरी तो अर्धा तास पुसला जात नाही.

अशी बिलं उघडून त्यांतले आकडे तक्त्यात भरायचं काम मी बरीच वर्षं करतो. बहुतेक कारखान्यांत तक्ता आधीपासून असतोच. त्यात महिना, युनिट, रक्कम आणि 'दंड' असे चार रकाने असतात, आणि चौथ्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे शून्य. मालक खूश असतो. गडबड त्या शून्यातच असते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, आणि दर दर वर्षी बदलतात, तेव्हा खरा दर आपापल्या बिलावरचाच घ्यावा. यंत्रांचे सुटे भाग करणारा मध्यम कारखाना, महावितरणची अकरा केव्हीची जोडणी, करारातली मागणी म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड ३०० केव्हीए. मागणीचा दर केव्हीएला ६०० रुपये आणि विजेचा दर युनिटला ८ रुपये धरू.

आधी युनिट पाहू, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. बिलावर 'युनिट' वाटावेत असे दोन आकडे असतात: केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच. पहिला म्हणजे यंत्रांनी खरोखर कामाला लावलेली वीज. दुसरा म्हणजे त्यासाठी तारांमधून वाहून आणावी लागलेली वीज, आणि ती नेहमी थोडी जास्तच भरते. मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी वीज नुसती ये-जा करते, काम करत नाही, पण तारा अडवते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की पॉवर फॅक्टर मिळतो.

एप्रिल २०२० पर्यंत महावितरण उच्चदाब ग्राहकांना केडब्ल्यूएचवर आकारणी करत असे. पॉवर फॅक्टर घसरला तर दंडाची वेगळी ओळ येई, चांगला राखला तर सवलतीची. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने त्या महिन्यापासून उच्चदाब आणि वीस किलोवॉटवरच्या लघुदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर गेली. जुन्या-नव्या बिलांमधून 'बिलातले युनिट' हा एकच आकडा उचलत गेलं, तर २०२० च्या आधी एक मोजमाप आणि नंतर दुसरंच, अशी मालिका तयार होते. एरवी आलेखात ही उडी कुणाच्याही नजरेत आली असती. पण नेमक्या त्याच महिन्यात टाळेबंदीने कारखाने बंद होते. आलेख इतका खाली कोसळला की उडी त्यात बुडून गेली, आणि पुढे वापर वाढला तेव्हा 'काम पूर्ववत झालं' असंच सगळ्यांना वाटलं. म्हणून तक्त्यात दोन्ही रकाने हवेत, आणि वापराची तुलना नेहमी केडब्ल्यूएचची करावी.

आकडा उचलला की तो लगेच तपासून घ्यावा. मीटरचं चालू वाचन वजा मागचं वाचन, गुणिले मल्टिप्लाइंग फॅक्टर, बरोबर युनिट. उदाहरणातल्या कारखान्याचा गुणक २०० आहे आणि एप्रिलच्या वाचनातला फरक २९७, म्हणजे ५९,४०० केडब्ल्यूएच. बिलातल्या युनिटांशी हे जुळलं नाही, तर बहुतेक वेळा महिन्याच्या मध्यात मीटर बदललेला असतो. मग वाचनाच्या दोन ओळी असतात आणि आपण एकच उचललेली असते. वाचनाच्या दोन्ही तारखाही लिहून ठेवाव्यात. एक बिल अठ्ठावीस दिवसांचं आणि दुसरं तेहतीस दिवसांचं असेल, तर 'या महिन्यात वापर वाढला' म्हणण्यात अर्थ नसतो. दिवसाचे युनिट काढले की खरं चित्र दिसतं.

आता मागणी. इथे तीन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात: करारातली, नोंदलेली आणि बिलात धरलेली. पीडीएफमधून नक्कल करताना एखादा रकाना सरकतो आणि नोंदलेल्याच्या जागी बिलातली मागणी येऊन बसते. आकडे जवळजवळ सारखे दिसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही. या दोघींमधला फरक मात्र मोलाचा आहे. बिलात धरली जाणारी मागणी तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा असते: या महिन्यात नोंदलेली मागणी, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च बिल-मागणीचे ७५ टक्के (कराराच्या मर्यादेत), किंवा करारातल्या मागणीचा ठरावीक टक्का. हा शेवटचा टक्का आयोगाच्या आदेशांनुसार बदलत आला आहे.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीपूर्वीच्या घाईत या कारखान्याने पूर्ण ३०० केव्हीए गाठले होते. जानेवारीत कामं थंडावली आणि नोंदलेली मागणी १७० वर आली. पण ३०० चे ७५ टक्के २२५ होतात, म्हणून बिल आलं २२५ चं. न जेवलेल्या पंचावन्न पानांचे ३३,००० रुपये गेले. बिलात याला कुठेही दंड म्हटलेलं नाही. ते 'डिमांड चार्जेस'च्या रकमेतच विरघळलेलं असतं, आणि चार रकान्यांच्या तक्त्यात जानेवारीसमोर ऐटीत शून्य लिहिलेलं असतं.

एप्रिलमध्ये उलट झालं. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी दोन्ही भट्ट्या एकदम चालू झाल्या आणि मागणी ३४० वर गेली. सगळ्या ३४० ना नेहमीचा दर लागला, आणि वरच्या ४० ना त्याच दराच्या दीडपट रक्कम आणखी लागली. म्हणजे जादा प्रत्येक केव्हीए अडीचपट भावाने पडला. चाळीस गुणिले ९००, छत्तीस हजार. ही रक्कम मात्र जादा मागणीच्या स्वतंत्र ओळीत छापून येते, आणि बहुतेकांना दंड म्हणून एवढीच माहीत असते. जिला लोड फॅक्टरची सवलत मिळते अशा कारखान्याची त्या महिन्याची सवलतही अशा वेळी जाते. ते नुकसान कुठल्याच ओळीत दिसत नाही, फक्त नेहमीची एक वजा रक्कम त्या महिन्यात नसते.

त्याच एप्रिलच्या बिलात आणखी एक गोष्ट दडलेली होती. केडब्ल्यूएच ५९,४०० आणि केव्हीएएच ६४,४००, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.९२. पॅनेलमधले काही कपॅसिटर निकामी झाले होते. पॉवर फॅक्टर ०.९९ असता तर केव्हीएएच ६०,००० च भरले असते. वरच्या ४,४०० चे ३५,२०० रुपये झाले. म्हणजे जो दंड छापला गेला जवळपास तेवढाच आणखी एक, पण बिननावाचा. जुन्या पद्धतीत त्याला निदान स्वतःची ओळ तरी होती. (याचा उलटा प्रकारही होतो. रात्री यंत्रं बंद आणि कपॅसिटर चालूच, तर पॉवर फॅक्टर दुसऱ्या बाजूला झुकतो. हल्लीच्या मोजणीत तेही केव्हीएएच वाढवतं.)

म्हणून 'दंड' हा एक रकाना काढून त्याजागी तीन करावेत, आणि ते बिलातून उतरवण्याऐवजी तक्त्यानेच मोजावेत. E मध्ये केडब्ल्यूएच, F मध्ये केव्हीएएच, G, H, I मध्ये करारातली, नोंदलेली आणि बिलातली मागणी, J मध्ये मागणीचा दर आणि K मध्ये विजेचा दर असेल, तर सूत्रं अशी:

```
=MAX(0,I2-H2)*J2
=MAX(0,H2-G2)*J2*1.5
=MAX(0,F2-E2/0.99)*K2
```

पहिलं न वापरलेल्या मागणीचं, दुसरं जादा मागणीचं, तिसरं पॉवर फॅक्टरचं. दुसऱ्याचं उत्तर बिलातल्या ओळीशी रुपयापर्यंत जुळायला हवं. नाही जुळलं तर आकडा उचलताना आपली चूक झाली असते, किंवा महिन्याच्या मध्यात दर बदललेला असतो, किंवा क्वचित बिलच चुकलेलं असतं. उशिरा भरणा केल्याचं व्याज, मागची थकबाकी, अनामत रकमेवरचं जमा व्याज हे सगळं वेगळ्या रकान्यांत ठेवावं. उशिराचं व्याज हा दंडच आहे, पण तो हिशेब खात्याचा. भट्टीवाल्याच्या नावावर तो टाकू नये. आणि बिलात जिथे जागा कोरी आहे तिथे तक्त्यातही कोरीच ठेवावी. शून्य म्हणजे 'लागला नाही' आणि कोरं म्हणजे 'पाहिलं नाही'. हा फरक सहा महिन्यांनी फार उपयोगी पडतो.

तीन रकाने शेजारी आले की त्यांचं आपसातलं नातंही दिसतं. त्या जड अर्ध्या तासातही पॉवर फॅक्टर ०.९२ च होता असं धरलं, तर ३४० केव्हीए म्हणजे सुमारे ३१३ किलोवॉट. कपॅसिटर धड असते तर तीच यंत्रं ३१६ केव्हीएत चालली असती. मग जादा मागणी ४० ऐवजी १६ राहिली असती आणि दंड ३६,००० ऐवजी १४,४००. एक बिघाड दोन ठिकाणी पैसे खात होता.

मालकाने विचारलं, मग करारच ३२० चा करून घेऊ का? कराराच्या ७५ टक्क्यांचा हिशेब धरला, तर किमान पानं २२५ वरून २४० होतात, म्हणजे जानेवारीसारख्या प्रत्येक मंद महिन्यात ९,००० रुपये जास्त. वर्षात असे दोन महिने आले, की १४,४०० वाचवण्यासाठी १८,००० गेले. पण वर्षभरात तीनपेक्षा जास्त वेळा करार ओलांडला तर पुरवठा संहितेनुसार कारवाई होऊ शकते, म्हणून हा प्रश्न कायमचा मिटला असं नाही. तूर्त कपॅसिटर बदलले गेले. तक्त्यात एप्रिलच्या ओळीसमोर, शेरा लिहायच्या रकान्यात, पाळीप्रमुखाने स्वतः टाइप केलंय: 'दोन नंबरची भट्टी पाऊण तासाने.'