संध्याकाळचे दोन तास, बेरीज जुळवूनच

अपवर्क किंवा फायव्हरसारख्या ऑनलाइन कामाच्या बाजारात डेटा एन्ट्री करणाऱ्यांचे परिचय वाचायला घेतले, तर चार-पाचांनंतर ते एकसारखेच वाटू लागतात. प्रत्येक जण मेहनती असतो, प्रत्येकाचा टायपिंगचा वेग चांगला असतो आणि प्रत्येकाचं काम शंभर टक्के अचूक असतं. काम देणाऱ्याला यादीत नावाखाली परिचयाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. तिथे अशी विशेषणं असतील, तर तो पुढच्या नावाकडे वळतो.

आता समजा, राष्ट्रीयीकृत बँकेतल्या एका क्लार्कला संध्याकाळी असं काम करायचं आहे. पहिल्या मसुद्यात त्या लिहितात : ‘बँकिंगचा दहा वर्षांचा अनुभव. एक्सेलमध्ये निपुण. कोणतंही काम स्वीकारते.’ यात खोटं काही नाही, पण त्यांच्याजवळचं खरं भांडवल यात आलेलंच नाही. बँकेत व्हाउचरची नोंद एक जण करतो आणि दुसरा ती तपासून पास करतो. दिवसअखेर रोकड आणि नोंदी जुळल्याशिवाय कुणी उठत नाही. रोजच्या कामात मुरलेली ही जुळवण्याची सवय लहान व्यापाऱ्याला हवी असते. टायपिंग त्याला कुणीही करून देतं.

म्हणून परिचयात ‘अचूक’ हा शब्द न लिहिता अचूकपणा कसा राखणार, ते लिहावं. क्लार्कला जे माहीत असतं आणि इतरांना बहुधा नसतं, ते असं : सोळा अंकी खातेक्रमांक एक्सेलमध्ये साधा आकडा म्हणून टाकला, तर पहिले १५ अंकच टिकतात आणि शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येतं. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही गळून जातात. म्हणून नोंदी सुरू करण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवावा लागतो. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं. घाईत तिथे इंग्रजी ‘ओ’ पडतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. एखादं अक्षर गळलं किंवा वाढलं, तर ते शेजारच्या रकान्यातल्या एवढ्याशा सूत्राने कळतं :

```
=LEN(B2)=15
```

उत्तर FALSE आलं, की ती ओळ पुन्हा मूळ कागदाशी ताडून पाहायची. पण अक्षरांची संख्या बरोबर असून एखादा अंक चुकला असेल, तर हे सूत्र तो पकडत नाही. रकमांसाठी तर मूळ बिलांची बेरीज वेगळी काढून शीटच्या बेरजेशी जुळवणं, हाच भरवशाचा उपाय.

दुसरा प्रश्न वेळेचा. ‘संध्याकाळी उपलब्ध’ एवढ्याने काम देणाऱ्याला अंदाज येत नाही. शंभर बिलं स्वतः घड्याळ लावून भरून पाहावीत, तपासणीसकट. त्याला दोन तास लागले, तर एका संध्याकाळी शंभर बिलं हेच प्रामाणिक आश्वासन. परदेशातलं काम हवं असेल, तर रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. तिथल्या माणसाच्या शंकेला त्याच्याच कामाच्या वेळेत उत्तर देता येतं, आणि हे त्याला त्याच्या घड्याळानुसार सांगावं.

हे सगळं धरून दुसरा मसुदा असा होतो :

‘बिलं, खर्चाच्या पावत्या आणि ग्राहकांच्या याद्या एक्सेलमध्ये भरून देते. प्रत्येक शीटची बेरीज मूळ कागदांशी जुळवते. न जुळलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवून त्यांची यादी सोबत पाठवते. बँकेत क्लार्क आहे, त्यामुळे काम सोमवार ते शुक्रवार रात्री आठ ते दहा. एका संध्याकाळी साधारण शंभर बिलं. दिवसा फोन घेता येत नाही. पहिली दहा बिलं नमुना म्हणून पाहा, मग पुढचं ठरवू.’

यात बँकेचं नाव मुद्दाम नाही. नमुना शीटही बनावट नावं आणि आकड्यांनीच तयार करावी. खऱ्या ग्राहकाची एक ओळसुद्धा नमुन्यात गेली, तर तो गोपनीयतेचा भंग ठरतो. फोन नंबरही परिचयात टाकू नये. तो वाचून ‘नोंदणी फी भरा’ किंवा ‘अनामत ठेवा’ म्हणणारे लोक संपर्क साधतात. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसतं.

आणि हा परिचय प्रसिद्ध करण्याआधी एक गोष्ट झालीच पाहिजे. बँक कर्मचाऱ्यांच्या १० एप्रिल २००२ च्या शिस्तविषयक करारानुसार बँकेच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरचा व्यवसाय करणं हे गंभीर गैरवर्तन मानलं जातं. सहकारी आणि खासगी बँकांचे नियम वेगळे असू शकतात. आपल्या सेवानियमांत ते तपासावेत. आधी अर्ज करा, परवानगीचं पत्र हातात घ्या आणि मगच प्रोफाइल सुरू करा.