तीन दिवस नोंद नाही आली की मेसेज का येतो, आणि त्याला काय उत्तर द्यायचं



रोजच्या नोंदीत खंड पडला की चौथ्या दिवशी सकाळी कंपनीकडून एक छोटा मेसेज जातो. तो नेमका कशावरून जातो आणि आल्यावर काय करायचं, असं बरेच जण विचारतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी मोजणी. रोज सकाळी ९ वाजता प्रत्येक बागेची शेवटची नोंद आमच्याकडे कधी पोचली, ते पाहिलं जातं. त्यानंतरचे पूर्ण तीन दिवस कोरे असतील तरच त्या बागेचं नाव यादीत येतं. समजा सोमवारी नोंद आली आणि मंगळवार, बुधवार, गुरुवार काहीच नाही, तर मेसेज शुक्रवारी सकाळी. एक दिवस कोरा गेला तर रेंज नसेल. दोन दिवस गेले तर लग्नकार्य असेल, मुंबईची खेप असेल. तेवढ्यासाठी कोणाला टोचायचं नाही. पण तीन दिवसांच्या पुढे फवारणीचा तपशील डोक्यातून जातो. तीन दिवसांपर्यंत औषधाची रिकामी बाटली पडवीत किंवा पंपाजवळ सापडते, टाकीत किती मिली टाकलं ते फवारणाऱ्याच्या लक्षात असतं. आठवडा गेला की बाटलीही नाही आणि आठवणही नाही. म्हणून तीन.

इथे एक फरक लक्षात घ्या. "काही नाही" असं पाठवलंत तर ती पूर्ण नोंद आहे. त्या दिवशी बागेत औषध पडलं नाही, हे त्यातून कळतं. काहीच न पाठवणं म्हणजे औषध पडलं की नाही तेच माहीत नाही. वहीत दोन्ही सारखंच रिकामं दिसतं, पण आंबा विकताना दोन्हीचा अर्थ एकदम वेगळा होतो.

मेसेज पाठवण्याआधी आणखी एक गोष्ट पाहतो. एकाच वाडीतले पाच-सहा बागायतदार एकाच दिवसापासून गप्प असतील, तर बहुधा टॉवर गेलेला असतो. अशा वेळी कोणालाच मेसेज जात नाही, रेंज येईपर्यंत थांबतो. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असते तेव्हाही नोंदी थंडावतात. त्यासाठी सोपी सोय आहे. आधीच "सुट्टी ५" असं पाठवा, म्हणजे पाच दिवस मोजणी थांबते. मात्र सुट्टीत फवारणी झाली तर तेवढी तरी कळवा.

आता मेसेजची भाषा. तो साधारण असा असतो: "नमस्कार. तीन दिवस आपली नोंद दिसली नाही, सगळं ठीक असेल अशी आशा. आज बागेत काय झालं एवढंच कळवा. मधल्या दिवसांत फवारणी झाली असेल तर फक्त ती सांगा, बाकी राहू दे."

काही जण म्हणतात, इतकं मऊ कशाला, सरळ "थकलेल्या नोंदी त्वरित भरा" म्हणा की! त्यात अडचण अशी की दटावलं की माणूस नोंदी भरतो, पण अंदाजाने. तीन दिवसांच्या नोंदी रात्री साडेनऊला एकापाठोपाठ येतात, सापळ्यातल्या फळमाश्या ४, ४ आणि ४, आणि तिन्ही दिवस "काही नाही". अशी नोंद पाहिली की लगेच कळतं, ही बागेतली नाही, घरी बसून लिहिलेली आहे. कोरी जागा निदान खरं सांगते की इथे माहिती नाही. बनवलेली नोंद खोटा विश्वास देते, आणि त्या विश्वासावर काढणीची तारीख ठरली तर अवशेषाच्या तपासणीत माल अडकू शकतो. म्हणून मेसेजमध्ये मागचं सगळं मागत नाही. आजचं मागतो, आणि मागच्यातली फक्त फवारणी.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका बागेची शेवटची नोंद ७ एप्रिलची. ८, ९, १० कोरे. ११ तारखेला सकाळी मेसेज गेला. काकांनी उत्तर दिलं: "आज काही नाही. सापळ्यात ११ माश्या. फुलकिड्यांवर एक फवारणी झाली, ८ का १० तारखेला ते गड्याला नक्की आठवत नाही."

या उत्तरात तीन गोष्टी आहेत. पहिली, ११ तारखेची नोंद आली, त्यामुळे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. ८, ९, १० कोरेच राहतात, त्यात कोणी मागाहून काही भरत नाही.

दुसरी, सापळ्यातल्या ११ माश्या एका दिवसाच्या नाहीत. शेवटचा सापळा ७ तारखेला रिकामा केला होता, म्हणजे त्या चार दिवसांच्या मिळून आहेत, रोजच्या पावणेतीनच्या आसपास. आधी रोज २-३ सापडत असतील तर काहीच वाढलेलं नाही. पण "११" एवढंच वाचलं तर माशी एकदम चढली असं वाटेल आणि विनाकारण धावपळ होईल. म्हणून खंडानंतर पहिल्यांदा सापळा मोजाल तेव्हा "४ दिवसांचे मिळून" हे शब्द जरूर लिहा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, फवारणीची तारीख. समजा बाटलीच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत २० दिवसांचं अंतर लिहिलंय. फवारणी ८ तारखेची धरली तर २८ एप्रिलला काढता येईल, १० तारखेची धरली तर ३० ला. नक्की आठवत नसेल तेव्हा नेहमी उशिराची तारीख धरायची. इथे काढणी ३० च्या आधी नाही. दोन दिवस थांबल्याने भावात थोडं इकडेतिकडे होईल, पण फळात औषध राहिलं तर पूर्ण खेप परत येऊ शकते. शक्य असेल तर रिकाम्या बाटलीच्या लेबलचा आणि दुकानाच्या बिलाचा फोटो पाठवा. औषधाच्या नावात घोळ झाला तर दिवसांचा हिशोबही चुकतो, कारण प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे. ज्यांच्या बागा निर्यातीसाठी मँगोनेटला नोंदलेल्या आहेत त्यांनी तर हे टाळूच नये.

फळमाशीचं म्हणाल तर २०१४ च्या मे महिन्यात युरोपने आपला आंबा थांबवला तो तिच्यामुळेच, आणि २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. सापळ्याचा आकडा मागतो तो काही हौसेने नाही.

बऱ्याच बागांत मालक मुंबईला आणि बागेत गुरखा, असं असतं. मेसेज मालकाच्या फोनवर जातो, पंप मात्र दुसऱ्याच्या पाठीवर. तिथे खंड वारंवार पडतो असं दिसतं. अशांनी बागेतल्या माणसाचा नंबरही कंपनीत देऊन ठेवा. त्याला मराठी लिहायला जमत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालतो, आम्ही लिहून घेतो.

मेसेजला उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज जात नाही. आणखी तीन दिवस वाट पाहून फोन येतो. घरात आजारपण असेल, सुतक असेल, तर तसं सांगा. मग नोंदीचं काही विचारणार नाही, फक्त काढणीआधी एकदा बागेत येऊन फवारणीचा हिशोब बसवून देऊ.

या पद्धतीला एक गोष्ट मात्र पकडता येत नाही. बागेत न जाता रोज "काही नाही" पाठवणाऱ्याला कधीच मेसेज जाणार नाही, कारण त्याच्या नोंदीत खंडच नाही.

उत्तर याच नंबरवर पाठवा, सकाळी ९ च्या आत आलं तर त्या दिवशीच्या यादीतून नाव निघतं.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, रत्नागिरी