मूठभर वाळू आणि पाच मिनिटांचं भाषण

कारखान्यातला निरोप समारंभ बहुधा शिफ्ट बदलताना उरकतात. कँटीनच्या टेबलावर शाल, श्रीफळ, पेढ्यांचा बॉक्स. सुटणाऱ्या शिफ्टचं लक्ष बसकडे, येणारीचं घड्याळाकडे. अशा वेळी माइकवरून ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय’ सुरू झालं की लोक बटाटेवड्याकडे वळतात. गेल्या महिन्यात स्टोअरकीपरलाही हीच विशेषणं वाहिलेली असतात!

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीतून मोल्डिंगचे सुपरवायझर निवृत्त होताहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. बोलणाऱ्याने सुरुवात त्यांच्या खोडीपासून करावी: अण्णा मशीनजवळ आले की आधी वाळूची मूठ आवळणार, मग माणसाकडे बघणार. “काकूंनी भाकरीचं पीठ मळलं तरी अण्णा मूठ दाबून ओल बघत असणार,” एवढं म्हटलं की कँटीन हसतं. पहिल्या रांगेतल्या काकू तर सगळ्यांत आधी.

हसू ओसरायच्या आत त्या मुठीचा हिशेब मांडायचा. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि साधारण ३ ते ४ टक्के पाणी. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटावेत, तळहाताला वाळू चिकटू नये, आणि गोळा मोडला तर कडा फार न ढासळता दोन तुकडे व्हावेत. पाणी कमी पडलं तर साच्याची कड ढासळते आणि वाळू लोखंडात मिसळते. जास्त झालं तर सुमारे १४०० अंशांचा रस पडताच वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात.

या पोकळ्या मोठ्या लबाड. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, गाडी भरून माल जातो आणि गिऱ्हाइकाच्या लेथवर पहिला कट घेतला की भोक उघडं पडतं. मग सगळा लॉट परत. लॅबमध्ये ओल मोजतातच, पण दोन तपासण्यांच्या मधे मिक्सरमधून वाळू येतच असते. तेवढ्या वेळात अण्णांच्या एका मुठीवर मशीन थांबलेलं असतं. तेव्हा प्रॉडक्शनवाले चिडलेले असतात. आज टाळ्या वाजवताना तेच पुढे असतील. बोलणाऱ्याने तशी एखादी पाळी नेमकी सांगावी: कोणता पार्ट होता, मशीन किती वेळ थांबलं, ओल कशाने वाढली होती.

अडलेलं प्रमोशन, ओव्हरटाइमवरून झालेली भांडणं, गुडघेदुखी यांवरचे विनोद मात्र गाळावेत. ते मित्रांनी चहाच्या टपरीवर करायचे असतात, मालक आणि सूनबाईंसमोर नव्हे. ग्रॅच्युइटीचा आकडाही माइकवरून सांगू नये. पाच मिनिटांत आवरून माइक अण्णांकडे द्यावा. ते बहुधा दोन वाक्यं बोलतील आणि तिसऱ्यात विचारतील, “दुसऱ्या शिफ्टची वाळू बघितली का कुणी?”